तीन महिन्यांचा राखीव निधी ठीक, पण कोणते तीन महिने?

*नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका धर्मादाय न्यासाची मी खजिनदार आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या 120 मुलांसाठी आम्ही हंगामी वसतिगृह चालवतो, शिवाय चार गावांत वर्षभर अभ्यासिका आहेत. गेल्या वर्षी वसतिगृहाला निधी देणाऱ्या कंपनीचा ऑक्टोबरचा 14 लाखांचा हप्ता जानेवारीत आला. दोन महिने पगार थकले, किराणा उधारीवर आणला, मी स्वतः दोन लाख उसने दिले. आता एक विश्वस्त म्हणतात, सहा महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी हवा. वर्षाचा खर्च 96 लाख, म्हणजे 48 लाख. दुसरे म्हणतात, ट्रस्टला पैसा साठवताच येत नाही, 85 टक्के खर्चावेच लागतात. आणि 31 लाखांच्या ठेवी आहेतच की! पुढच्या अंदाजपत्रकात मी कोणता आकडा लिहू? ताळेबंद सोबत जोडला आहे.*

*– एक खजिनदार*

ताई, नमस्कार.

आधी आकडा सांगतो, मग तो कुठून आला ते. उद्दिष्ट 20 लाख लिहा. त्याच्या शेजारी आज हातात असलेला राखीव निधी लिहा: 7 लाख. आणि पुढच्या वर्षी त्यात घालायची रक्कम लिहा: सव्वातीन लाख. 48 लाखांची तुम्हाला गरज नाही आणि 31 लाख तुमच्याकडे नाहीत. दोन्ही विश्वस्त चुकले आहेत, पण दोघांची चूक एकाच जातीची आहे. ताळेबंदातली बेरीज त्यांनी वाचली, त्या बेरजेत काय काय मिसळलंय ते पाहिलं नाही.

खर्चापासून सुरुवात करू. 96 लाखांना 12 ने भागून महिन्याला 8 लाख येतात, पण संकटाच्या महिन्यात तुम्हाला खरोखर 8 लाख लागतील का? तुमच्या 96 लाखांत 18 लाख वसतिगृहाची दुरुस्ती आणि सोलरचे आहेत. ते काम एकदाच झालं आणि त्यासाठीच आलेल्या पैशातून झालं. पैसे आले नसते तर काम झालं नसतं, एवढंच. 14 लाख सायकली आणि शालेय साहित्याच्या वाटपाचे आहेत. ते देणगीदाराकडून आले आणि मुलांकडे गेले, मध्ये तुमचे फक्त हात होते. 6 लाख 60 हजार घसारा आहे. घसारा हिशेबात खर्च दिसतो, पण त्यासाठी कुणाला चेक द्यावा लागत नाही. हे तिन्ही मिळून 38 लाख 60 हजार. ते वगळले की संस्था चालू ठेवायला वर्षाला 57 लाख 40 हजार लागतात.

याला 12 ने भागलं तर महिन्याला पावणेपाच लाखांच्या आसपास येतात. बहुतेक संस्था इथेच थांबतात आणि ‘तीन महिने म्हणजे सव्वाचौदा लाख’ असा ठराव करून मोकळ्या होतात. तुमच्यासारख्या संस्थेला हा आकडा गोत्यात आणतो, कारण तुमच्याकडे सरासरी महिना नावाचा महिनाच नाही. वर्षभराचे कायम पगार महिन्याला 2 लाख 20 हजार. भाडं, वीज, गाडी, फोन, ऑडिट यांचे साठ हजार. अभ्यासिकांचं साहित्य आणि प्रशिक्षण तेहतीस हजारांच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्या-पावसाळ्यात महिना सव्वातीन लाखांच्या आत भागतो. पण दसरा झाला, टोळ्या गाड्या भरून निघाल्या, मुलं तुमच्या दारात आली, की त्यात स्वयंपाकाच्या बायका आणि रात्रीचे काळजीवाहक यांचे नव्वद हजार आणि जेवणाचे 2 लाख 40 हजार मिळतात. ऑक्टोबर ते मार्च तुमचा महिना 6 लाख 43 हजारांचा असतो, एरवीच्या दुपटीहून जास्त.

गेल्या वर्षी हप्ता तीन महिने अडला तो जूनमध्ये नाही, ऑक्टोबरमध्ये. तुमचा हप्ता अडणार तो नेहमी हंगामातच, कारण वसतिगृहाचा पैसा येतोच मुळी हंगामासाठी. म्हणून तुमचे तीन महिने हे हंगामाचे तीन महिने धरायचे. 6 लाख 43 हजार गुणिले तीन, म्हणजे 19 लाख 29 हजार. त्यालाच मी 20 लाख म्हणतो.

आता तीनच का, सहा का नाहीत? अमेरिकेत 2008 मध्ये अशा निधीचा अभ्यास करणाऱ्या एका कार्यगटाने किमान तीन महिने, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पाव भाग, असं सुचवलं होतं आणि तेव्हापासून ‘तीन ते सहा महिने’ हे शब्द जगभर फिरतायत. त्यांच्याकडून तुम्ही पद्धत घ्या, आकडा घेऊ नका. आकडा तुमच्या पासबुकात आहे. एक दुपार काढा. गेल्या तीन वर्षांतला प्रत्येक मोठा हप्ता करारानुसार कधी यायचा होता आणि खात्यात कधी जमा झाला, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. शेजारीच त्या त्या महिन्यातली बचत खात्याची सगळ्यात खाली गेलेली शिल्लक लिहा. सगळ्यात लांबलेला उशीर किती महिन्यांचा, तेवढे तुमचे महिने. तुमच्या पत्रावरून तो तीन दिसतो. पासबुकातून चार निघाला तर चार धरा, माझ्या शब्दासाठी अडून बसू नका.

तुमच्यातलं कुणी विचारेल की या तीन महिन्यांत दिवाळीच्या देणग्या येतातच, त्या वजा का नाही केल्या? रास्त प्रश्न आहे. त्या वजा करता येतात, पण मी तसं केलं नाही. अभ्यासिकांचं अनुदान दुसऱ्याच कामाचं आहे, ते किराण्याला वापरलं तर तिकडचा हिशेब तुटतो. आणि लोकांच्या देणग्या दिवाळीत किती येतील हे त्या वर्षीच्या पावसावर ठरतं, हे बीडमध्ये राहणाऱ्याला मी काय सांगणार. मात्र त्या धरून एक खालची रेषा आखता येते: सगळ्यात मोठा एकच हप्ता, तुमच्या बाबतीत 14 लाख. राखीव निधी 14 च्या वर असेल तर हप्ता उशिरा आला तरी संस्था पगार करू शकते, थोडी ओढाताण होईल इतकंच. 20 असेल तर ओढाताणही होणार नाही. म्हणून ठरावात ‘किमान 14, उद्दिष्ट 20’ असे दोन्ही आकडे घाला.

एक मर्यादा मात्र आधीच मान्य करू. कंपनीने हात कायमचा काढून घेतला तर 20 लाखांनी संस्था वाचत नाही. डिसेंबरच्या अखेरीस असं पत्र आलं तर जानेवारी ते मार्च निभावतील, मुलांना अर्ध्या हंगामात आईबापांच्या फडावर पाठवावं लागणार नाही, इतकंच या निधीचं बळ. एप्रिलनंतर काय, हे विश्वस्तांना त्या तीन महिन्यांत ठरवावं लागेल.

आता 31 लाखांकडे येऊ. बँकेत ठेवपावत्या 31 लाखांच्या आहेत हे खरं, पण त्यातला प्रत्येक रुपया कुणाचा आहे ते विचारा. 12 लाख कॉर्पस आहे, देणगीदारांनी तसं लेखी दिलेलं. त्याचं व्याज तुमचं, मुद्दल नाही. 9 लाख कंपनीने मार्चमध्ये पुढच्या वर्षाच्या कामासाठी दिलेले आणि अजून न खर्चलेले. 3 लाख कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीसाठी बाजूला काढलेले. राहिले 7. हंगामातला एक महिना आणि वर दोन-तीन दिवस.

हाच आकडा दुसऱ्या बाजूने तपासता येतो, आणि तो तसा जुळला पाहिजे. धर्मादाय कार्यालयाला द्यायच्या परिशिष्ट आठच्या नमुन्यातल्या ताळेबंदात डाव्या बाजूला उत्पन्न-खर्च खात्याची साठत आलेली शिल्लक असते. तुमच्याकडे ती 16 लाख आहे. ती वाचून सभेत ‘सोळा लाख शिल्लक आहेत’ असं कुणीतरी म्हणतंच. पण त्या पैशांतून तुम्ही जीप आणि संगणक घेतले, त्यांची आजची पुस्तकी किंमत 9 लाख आहे. जीप विकून पगार करायचा नसेल तर ते वजा करा. 16 वजा 9, पुन्हा 7. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला म्हणजे हिशेब सरळ आहे. एका बाजूने 7 आणि दुसऱ्या बाजूने 2 आले असते तर त्याचा एक अर्थ असा असू शकतो: एखाद्या बांधील अनुदानातला पैसा दुसरीकडे खर्च झालाय. बाहेरून भक्कम दिसणाऱ्या अनेक संस्थांत मला हे दिसलंय, आणि बहुतेक वेळा त्यांच्या खजिनदारालाही ते माहीत नव्हतं.

ग्रॅच्युइटीचे 3 लाख मी वेगळे काढले, त्यावर एक वाक्य. दहा किंवा अधिक कर्मचारी असले की हा कायदा लागू होतो, आणि पाच वर्षं काम केलेल्या माणसाला प्रत्येक वर्षामागे शेवटच्या पगाराच्या हिशेबाने पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. हे देणं आहे, राखीव निधी नव्हे, आणि ज्या दिवशी संस्था अडचणीत येईल नेमक्या त्याच दिवशी ते मागितलं जाईल. तुमच्या 12 माणसांसाठी 3 लाख पुरतील का हे एकदा माणसागणिक मोजून घ्या.

तारखेचंही बोलू. सगळे जण राखीव निधी 31 मार्चला मोजतात, कारण ताळेबंद त्या दिवशीचा असतो. तुमच्यासाठी तो वर्षातला सगळ्यात फसवा दिवस आहे. कंपन्यांना त्यांचं सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामावरच्या खर्चाचं, वर्ष मार्चअखेर संपवायचं असतं, त्यामुळे मार्चमध्ये खाती फुगतात. तुमचे ते 9 लाख असेच आले. तुम्ही 30 सप्टेंबरला मोजा. वसतिगृह उघडायच्या तोंडावर मोकळा पैसा किती आहे, हा प्रश्न त्या दिवशी विचारला तर त्यावर निर्णयही घेता येतो. ठरावात असं घाला की 30 सप्टेंबरला राखीव निधी 14 लाखांच्या खाली असेल आणि कंपनीचा हप्ता किंवा तारखेसह लेखी होकारही हातात नसेल, तर त्या वर्षी किती मुलं घ्यायची याचा फेरविचार विश्वस्तांनी प्रवेश देण्याआधी करायचा. 80 मुलांना मार्चपर्यंत नीट जेवू घालणं हे 120 मुलं घेऊन डिसेंबरात किराणावाल्यासमोर हात जोडण्यापेक्षा बरं, असं माझं मत. विश्वस्तांचं वेगळं असू शकतं, पण त्यांनी ते सप्टेंबरात सांगावं.

आता ‘ट्रस्टला पैसा साठवताच येत नाही’ या समजाकडे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम आपल्या उद्देशांवर खर्च करायची असते हे बरोबर. उरलेले 15 टक्के बिनशर्त बाजूला ठेवता येतात, कारण सांगावं लागत नाही, मुदत नसते. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, पण हा 85-15 चा सांगाडा राहिला. तुमचं वर्षाचं उत्पन्न 93 लाख आहे. त्याचे 15 टक्के जवळपास 14 लाख होतात. म्हणजे कायदा तुम्हाला वर्षाला 14 लाखांपर्यंत ठेवू देतो आणि मी तुम्हाला ठेवायला सांगतोय सव्वातीन. अडचण कायद्याची नाहीच. अडचण अशी की 93 मधले 77 लाख कुठल्या ना कुठल्या कामाला बांधलेले आहेत. मोकळे फक्त 16: लोकांच्या देणग्या 14 आणि व्याज 2. राखीव निधी याच सोळातून उभा राहणार. गेल्या वर्षी सगळं भागवून तुमच्याकडे 3 लाख 60 हजार उरले. त्यातले सव्वातीन दरवर्षी काढले तर चार वर्षांत 13 लाख होतात आणि 7 चे 20 होतात. किमान 14 ची रेषा तिसऱ्या वर्षी ओलांडाल.

इथे एक खड्डा आहे, बघून चाला. अंदाजपत्रकात ‘राखीव निधीस वर्ग: 3,25,000’ अशी ओळ खर्चाच्या बाजूला जरूर लिहा, पगाराच्या ओळीइतकीच ठळक. उरलं तर ठेवू म्हटलं की कधीच उरत नाही. धर्मादाय कार्यालयाला द्यायच्या परिशिष्ट नऊच्या नमुन्यातही राखीव निधीकडे वर्ग केलेल्या रकमेची ओळ खर्चाच्याच बाजूला असते. आणि म्हणूनच गडबड होते. ती रक्कम खर्चाच्या बाजूला छापलेली पाहून हिशेबनीस ती 85 टक्क्यांत मोजून टाकतो. आयकराच्या दृष्टीने ती खर्च नाही. पैसा संस्थेच्याच खात्यातून संस्थेच्याच ठेवीत गेला आहे. ती 15 टक्क्यांतली रक्कम आहे. घसाऱ्याचंही तसंच: वस्तू घेतली त्या वर्षी तिची पूर्ण किंमत खर्चात धरली असेल तर तिचा घसारा पुन्हा धरता येत नाही. तुमच्या सीएंना एवढंच विचारा की 85 टक्क्यांच्या गणितात या दोन ओळी वगळल्या आहेत ना.

एखाद्या वर्षी मोठी देणगी आली आणि शिल्लक 15 टक्क्यांच्या वर गेली तर? जुन्या कायद्यात त्यासाठी फॉर्म 10 होता. विशिष्ट उद्देश लिहायचा, पाच वर्षांच्या आत त्याच उद्देशावर खर्चायचं. ती सोय वापरा, पण राखीव निधीसाठी नको. राखीव निधीचं सुखच यात आहे की तो कधी लागेल ते ठाऊक नसतं, आणि ही सोय म्हणते कशासाठी आणि कधीपर्यंत ते आधी सांगा. उद्देशाच्या जागी ‘संस्थेचे सर्वसाधारण कार्य’ असं लिहून भागवायचा मोह होतो, त्यावरून आयकर खात्याशी कोर्टापर्यंत वाद झालेले आहेत. जास्तीची रक्कम नवीन स्वयंपाकघरासाठी वगैरे अशी नाव घालून ठेवा.

कंपनीकडूनच राखीव निधी मागावा, असंही तुमच्या सभेत कुणीतरी सुचवेल. ते होणार नाही. 22 जानेवारी 2021 पासून कॉर्पसला दिलेली रक्कम कंपनीला सीएसआर खर्च म्हणून दाखवता येत नाही. पण कंपनीकडून दुसरं काही मागता येतं, आणि ते 13 लाख साठवण्याइतकंच मोलाचं आहे. करार वर्षावर्षाचा न करता वसतिगृहाला ‘चालू प्रकल्प’ म्हणून बहुवार्षिक मंजुरी द्या असं म्हणा. कायद्यात सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत तशी सोय आहे. मग दर वर्षी नव्याने प्रस्ताव आणि मंजुरी यांत पावसाळा जात नाही. पहिला हप्ता ऑक्टोबरऐवजी 31 ऑगस्टला मागा. मिळाला तर तीन महिन्यांचा उशीर तुमच्यासाठी दोनच महिन्यांचा होतो, आणि न साठवताही तुमचं उद्दिष्ट साडेसहा लाखांनी उतरतं. शिवाय गाडी, ऑडिट, हिशेबनिसाचा पगार यांतला वसतिगृहाच्या वाट्याचा भाग प्रस्तावात उघडपणे लिहा. आज तो भाग लोकांच्या देणग्यांतून जातोय, म्हणजे तुमचे मोकळे 16 लाख कंपनीच्या कामाला अनुदान देतायत.

आणि करारातली एक तारीख डोळ्यात तेल घालून वाचा: खर्च कधीपासून ग्राह्य धरला जाईल. समजा ऑक्टोबरात हप्ता आला नाही. तुम्ही राखीव निधीतून महिन्याला साधारण सहा लाख उचलून काम चालू ठेवलंत, जानेवारीत 14 लाख आले. आता ते 14 लाख राखीव निधीत परत टाकायचे, बरोबर? तेव्हाच, जेव्हा करार म्हणतो की 1 ऑक्टोबरपासूनचा खर्च ग्राह्य आहे. करारावर सही जानेवारीची असेल आणि ‘सहीच्या तारखेपासून’ असं छापलेलं असेल, तर ऑक्टोबर ते डिसेंबरची बिलं कंपनी विनियोग प्रमाणपत्रात घेणार नाही. उसनवारी म्हणून उचललेले पैसे कायमचे गेले. राखीव निधी असा संपतो, एका ओळीत, आणि कळतं ते मार्चमध्ये ऑडिटर आल्यावर.

उचल कशी करायची तेही ठरावातच बांधा. माझा आग्रह इतकाच: उचल दोन कारणांसाठी, मंजूर हप्त्याला झालेला उशीर आणि अचानक आलेलं संकट. पहिल्या कारणासाठी खजिनदार आणि अध्यक्ष मिळून 5 लाखांपर्यंत, त्यापुढे विश्वस्त मंडळाचा ठराव. हप्ता आला की साठ दिवसांत परतफेड, आणि ती झाली की नाही हा पुढच्या सभेचा पहिला विषय. नवी अभ्यासिका उघडणं, पगारवाढ, गाडीचा पहिला हप्ता यांसाठी उचल नाही. हे खर्च दर महिन्याला परत येतात, आणि राखीव निधी एकदाच खर्च होतो.

ठेवायचं कुठे? सव्वासहा लाख, म्हणजे एका हंगामी महिन्याचे पैसे, ऑटो स्वीप असलेल्या, म्हणजे जास्तीची शिल्लक आपोआप ठेवीत नेणाऱ्या, बचत खात्यात. बाकीचे वेगवेगळ्या मुदतींच्या दोन-तीन पावत्यांत, त्यातली एक दर वर्षी सप्टेंबरअखेर सुटेल अशी. एकच मोठी पावती केली तर दोन लाखांसाठी चौदा लाखांची पावती मोडावी लागते आणि व्याज जातं. शेड्यूल्ड बँक बरी. सहकारी बँक असेल तर हे लक्षात ठेवा की ठेव विम्याचं संरक्षण 5 लाखांचं आहे, आणि ते एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखा-खात्यांना मिळून आहे, पावतीगणिक नाही. 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे हजार रुपये काढायची मुभा होती. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्था यांना तर हा विमाच नाही. दोन टक्के जास्त व्याज मिळतं म्हणून विश्वस्तांपैकी कुणी त्यांचं नाव काढलं, तर तुमच्या जिल्ह्यात त्यावर मी वेगळं काही सांगायची गरज नसावी.

‘एवढे पैसे दिसले तर लोक देणगी देणं बंद करतील’ ही भीतीही सभेत निघेलच. पैसा उत्पन्न-खर्च शिल्लकेत पडून दिसला तर तसं वाटू शकतं. ताळेबंदात ‘राखीव निधी’ला स्वतःची ओळ आहे. ठराव करून रक्कम तिथे न्या आणि वार्षिक अहवालात लिहा: हंगामातल्या तीन महिन्यांसाठी 20 लाख हवेत, आज 7 आहेत. मोठी देणगी देणारे लोक शेतीतले, व्यापारातले असतात. पुढच्या पेरणीचं बियाणं बाजूला काढलेलं त्यांना कळतं.

शेवटी तुमचे दोन लाख. हेतू चांगला होता, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36-अ प्रमाणे विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि बिनव्याजी हातउसनेही कर्जच असतं. म्हणून संकटात बँकेचा ओव्हरड्राफ्ट काढू, हा कंपन्यांचा मार्ग तुम्हाला सहज मोकळा नाही, आणि म्हणूनच या निधीची तुम्हाला दुकानदारापेक्षा जास्त गरज आहे. पैसे चेकने दिले असतील तर नोंद आहे तशी, कर्ज म्हणूनच ठेवा. रोखीने दिले असतील तर आजच सीएंना सांगा, कारण 20 हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेणं आयकर कायद्याला चालत नाही. ‘देणगी दाखवून टाकू’ असा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. मागच्या तारखेची पावती फाडली की दोन चुका होतात. त्या 9 लाखांना हात न लावता, मोकळ्या 7 लाखांतून तुमचे दोन लाख चेकने परत घ्या. मग राखीव निधी 5 लाखांवर येईल, आणि अंदाजपत्रकात 7 च्या जागी 5 लिहून चारऐवजी पाच वर्षं धरा.